सुभेदारांच्या घरातलं स्टिरिओ

डिसेंबरातली थंडी होती. कृष्णेवरचं धुकं आष्ट्याच्या पेठेपर्यंत चढून आलं होतं आणि उसाच्या ट्रॉल्या दिवे लावून रांगत होत्या. दिलावर मुलाणीनं दुकानाचं शटर अर्ध्यावरच उचललं. धूळ आणि दव दोन्ही आत येऊ नये म्हणून हिवाळ्यात तो असंच करतो. आत बसून त्यानं एका भजनी मंडळाच्या भोंग्याचा फाटलेला पडदा उन्हात धरल्यागत बल्बाजवळ धरला, चिरेवर गोंद ओढला आणि सुकायला ठेवला. मग हात पुसले, आणि उजव्या कानाजवळ चुटकी वाजवली. ही त्याची सवय. ऐकू आली.

दिलावर सत्तेचाळीस वर्षांचा. अंगानं काटक, मिशी पिकलेली, चालताना मान किंचित डावीकडं वळलेली. लोकांना वाटतं, माणूस ऐटीत चालतो. खरं कारण दोघांनाच ठाऊक होतं. एकविसाव्या वर्षी एका जत्रेत तो साउंडवाल्याकडं कामाला होता. स्पीकरच्या थप्पीला टेकून झोपला, कुणीतरी बटण दाबलं, आणि डावा कान त्या दिवशीच बंद झाला. बायको मेहरुनबीला ते ठाऊक होतं आणि त्याला स्वतःला. बाकी आख्ख्या तालुक्यात तो 'दिलावर साउंड' म्हणून ओळखला जायचा. एका कानाचा माणूस घरोघरी पाच बाजूंनी वाजणारी यंत्रं बसवतो, हे कुणाच्या ध्यानातही नव्हतं.

त्यानं आपली एक रीत बसवली होती. मागचा स्पीकर लागतोय का, हे तो जाळीला तळहात लावून बघायचा. टीव्हीखाली ठेवायच्या लांबट स्पीकरच्या, म्हणजे साउंडबारच्या, रिमोटवरचं माहितीचं बटण दाबायचा. पुढच्या काचेवर आकडे उमटायचे. पाच पॉइंट एक, म्हणजे पाच बाजू आणि एक घुमणारा डबा, आलं की काम झालं. मग गिऱ्हाईकच म्हणायचं, "वा, मागनं आवाज येतोय की!" दिलावर मान डोलवायचा.

साडेसातला सांगलीहून पृथ्वीराजचा फोन आला. पृथ्वीराजचं टीव्हीचं मोठं दुकान, आणि जोडणीची निम्मी कामं तो दिलावरला द्यायचा.

"दिलावरभाई, कोरेगावचं ते सुभेदारांचं काम कुणी केलंतं?"

"मीच की. पंधरवडा झाला."

"मग आता जाऊन निस्तरा. सुभेदारांचा पोरगा बोंबलतोय. सगळं महागामोलाचं घेतलं आणि काचेवर 'स्टिरिओ' येतंय म्हणतोय. मागचे स्पीकर मुके. आजच्या आज न्हाई झालं तर माल परत."

"मी लावलं तवा पाच पॉइंट एक हुतं."

"ते मला नका सांगू. माल परत आला तर जोडणीचं काम मी दुसऱ्याकडं देईन. वाईट वाटून घेऊ नका, पण कंपनीला मला तोंड द्यावं लागतं."

दिलावरनं पिशवी भरली. नवी वायर, पेनड्राइव्ह, टेस्टर, चिकटपट्टी. कराडला गाडी बदलून रहिमतपूरमार्गे तो कोरेगावला उतरला तेव्हा ऊन पडलं होतं.

सुभेदार नाथाजींचं घर गावाबाहेर उसाला लागून. नाथाजी तोफखान्यात चोवीस वर्षं काढून आलेले. त्यांचा मुलगा साईराज साखर कारखान्यात केमिस्ट, सून संयोगिता सांगलीची. म्हणून खरेदी सांगलीची. ओट्यावर सुभेदारांच्या मंडळी शालूबाई तूर निवडत बसल्या होत्या.

"या भाऊ. तुमचा डबा रुसलाय म्हनं?"

"बघतो की काकी."

"मागनं आवाज येतोय म्हनून घेतला. आवं, आमच्या घरात मागनं बोलणारी मानसं काय कमी हायती व्हय?"

आत साईराज दोन्ही रिमोट हातात घेऊन बसला होता, रजा टाकून. पस्तिशीचा, चष्मा लावलेला, चिकित्सक. नाथाजी कोपऱ्यातल्या वेताच्या खुर्चीत. डोक्याला आणि गळ्याला खाकी मफलर गुंडाळलेला, हात मांडीवर. दिलावरनं रामराम केला. सुभेदारांनी जरा उशिरानं मान हलवली.

"हे बघा दिलावरभाई," साईराजनं माहितीचं बटण दाबलं. साउंडबारच्या काचेवर अक्षरं उमटली, स्टिरिओ. "सिनेमावर पाच पॉइंट एक लिहिलंय. टीव्ही चालतोय, बार चालतोय, वायर ई-आर्कच्याच भोकात हाय. मग अडलंय कुठं?"

"कधीपासनं?"

"चार-पाच दिवस. आणि कधी येतंय, कधी जातंय. परवा दुपारी लागलं हुतं, संध्याकाळी गेलं."

दिलावर खाली बसला. ह्या घरात सिनेमा टीव्हीतच चालतो, म्हणजे आवाज जन्मतो टीव्हीत. तो टीव्हीतून उलट्या वाटेनं त्याच वायरीतून साउंडबारकडं यायचा. जुन्या उलट्या वाटेला, आर्कला, जागा कमी. ई-आर्कला रुंद रस्ता. पण रस्ता रुंद असून भागत नाही. टीव्हीनं गाडी भरून पाठवली पाहिजे.

त्यानं टीव्हीचं आवाजाचं पान उघडलं. आवाज बाहेर कुठं, तर साउंडबार. ई-आर्क, तर ऑटो. डिजिटल आवाज कसा पाठवायचा, तर तिथंही ऑटो, पीसीएम नव्हतं. पीसीएम असतं तर दोनच पदरांचा, डावा-उजवा एवढाच आवाज आला असता आणि काम दोन मिनिटांत उरकलं असतं. सगळं त्यानं लावून दिल्यासारखंच होतं.

पेनड्राइव्ह लावला. त्यात एक बाई एकेका स्पीकरचं नाव घेते, पुढचा डावा, पुढचा उजवा, मागचा डावा. दिलावर उठून सोफ्याच्या मागं गेला, मागच्या स्पीकरच्या जाळीवर तळहात ठेवला. जाळी गार आणि मेलेली.

"हात लावून काय कळतंय?" साईराज म्हणाला. "हितं मधोमध बसा की. कानानं बघा."

"बसतो. आधी वायर."

वायर बदलली. नवी, जाड, शिक्का असलेली. काचेवर स्टिरिओ. टीव्ही आणि बार दोन्हींच्या पिना भिंतीतून काढल्या. अशानं दोघं एकमेकांची ओळख विसरतात आणि नव्यानं हात मिळवतात. पाच मिनिटं थांबायचं.

"तवर चहा घ्या," संयोगिता म्हणाली.

नाथाजी उठले. "म्हशीला वैरण टाकून येतो," म्हणाले आणि गोठ्याकडं गेले. गोठा पार विहिरीपलीकडं.

पिना घातल्या. टीव्ही उजळला, बार उजळला. दिलावरनं पेनड्राइव्हवरची बाई पुन्हा बोलती केली, जाळीवर हात ठेवला, आणि जाळी थरथरली. काचेवर पाच पॉइंट एक.

"आलं!" साईराज सोफ्यावर उडालाच. "आयला, मागचा डावा, मागचा उजवा! संयोगिता, ये बघ!"

दिलावरनं चहाचा कप तोंडाला लावला. ओळख पुसली म्हणून झालं असावं, असं त्याला वाटलं. पण पूर्ण वाटेना. जुना रोग अशा एका हिसक्यानं कधी जात नाही, हे तीस वर्षांत त्याला कळलेलं.

साईराजनं सिनेमा लावला. पाच मिनिटं मोटारी मागनं पुढं पळाल्या. नाथाजी वैरण टाकून आले, पाय धुतले, खुर्चीत बसले. आवाज एकदम पळभर तुटला. मग आला. मोटारी आता पुढंच पळू लागल्या.

साईराजनं बटण दाबलं. स्टिरिओ.

"दिलावरभाई, हे असं," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, हे जास्त वाईट. "माल खराब हाय. भरा पेटीत."

"जरा दम धरा."

"किती? मी केमिस्ट हाय. एकच परीक्षा तीनदा केल्यावर निकाल बदलत नसतो."

"बदलला की मगाशी."

साईराजनं चष्मा वर सरकवला. मग म्हणाला, "तुमी मघापासनं एकदाबी मधोमध बसून ऐकलं न्हाई. काच बघताय, हात लावताय. तुमाला तरी आवाज कळतोय का?"

दिलावर टीव्हीकडं वळला. त्यानं टीव्हीवर सेट टॉप बॉक्सच्या बातम्या लावल्या, नुसतं चित्र चालू राहावं म्हणून, आणि बारच्या रिमोटवरचं आवाज बंद करायचं बटण दाबलं. साईराज फोन घेऊन बाहेर गेला. बहुतेक सांगलीलाच लावत होता.

खोलीत दिलावर आणि सुभेदार दोघंच. दिलावर पाठमोरा बसून वायरीचं टोक तपासत होता. टीव्हीवरची बातमीदारीण ओठ हलवत होती.

"आटपाडीत चार डिग्री?" नाथाजी मागनं म्हणाले. "बोंबललं. डाळिंबं करपली समजा."

दिलावरचा हात थांबला. त्यानं टीव्हीकडं पाहिलं. पडद्यावर नकाशा नव्हता, लिहिलेलंही काही नव्हतं. बाई फक्त बोलत होती. आणि दिलावरला तिचा एक शब्दही ऐकू येत नव्हता.

बार आपणच बंद केलाय, हे त्याला आठवलंच नाही. एवढंच सुचलं की म्हाताऱ्याला ऐकू येतंय आणि आपल्याला नाही. उरलेला कानही गेला. सव्वीस वर्षं ज्या दिवसाची धास्ती होती तो असा कोरेगावात, गिऱ्हाइकाच्या घरी, ऐन दुपारी आला. त्यानं उजव्या कानाजवळ चुटकी वाजवली.

ऐकू आली. बाहेर शालूबाईंच्या सुपाची फडफड ऐकू आली. साईराज फोनवर "न्हाई, न्हाई, पेटीसकट" म्हणत होता तेही ऐकू आलं.

मग बारच्या काचेवर आवाज बंद असल्याची खूण दिसली. दिलावर हळूच वळला. सुभेदार बातम्या बघत होते. बाई थांबली की ते मान हलवायचे. मफलरच्या घडीत, कानाच्या मागं, एक काळी चकचकीत दांडी होती. गळ्यात घालून कानात खोचायचं ब्लूटूथ.

दिलावरनं टीव्हीचं रिमोट उचललं. ह्या खेपेला आवाजाचं पान सोडून तो दुसऱ्याच पानावर गेला, जिथं कमी दिसणाऱ्या आणि कमी ऐकू येणाऱ्या माणसांसाठी सोयी असतात आणि जे पान कुणी मिस्त्री उघडत नाही. तिथं एक ओळ होती, आवाज एकाच वेळी दोन ठिकाणी द्या. चालू. खाली जोडलेल्या वस्तूचं नाव.

त्यानं नाथाजींच्या खांद्याला हात लावला. "सुभेदार, गोठा दावता का?"

विहिरीपलीकडं गेल्यावर तो थांबला. म्हशीनं दोघांकडं बघून नाकपुड्या फेंदारल्या.

"गळ्यातलं कुठनं घेतलं?"

नाथाजींचा चेहरा पहाऱ्यावरच्या जवानासारखा कोरा झाला. "काय गळ्यातलं?"

"मफलरच्या आतलं."

"ते थंडीचं हाय."

"थंडीचं हाय आन बातम्या सांगतंय."

म्हाताऱ्यानं दाव्याची गाठ चाचपली. मग बोलला. सांगलीला कानाच्या डॉक्टरकडं ते गुपचूप गेले होते. तोफांनी दोन्ही कान निम्मे नेलेत, असं डॉक्टर म्हणाले. यंत्र लावायला सांगितलं. यंत्र दिसतं म्हणून त्यांनी हे घेतलं, आणि दुकानातल्या पोरीनं टीव्हीला कसं जोडायचं ते चिठ्ठीवर लिहून दिलं. चिठ्ठी बघून सुभेदारांनी स्वतः एकेक पान उघडत बरोब्बर जोडलं. त्या गोष्टीचा त्यांना आत्ताही अभिमान होता.

"मग घरी सांगायचं की."

"सांगायचं? अरं, गावात एक हरिबा हाय. माझ्याच वयाचा. त्याला आख्खं गाव 'हरिबा तोफ' म्हनतंय. का, तर कानाशी तोफ उडवली तरी ऐकू येत न्हाई. आन ते नाव कुणी पाडलं? म्या. तीस वरीस झाली. आता मी कुठल्या तोंडानं मशीन लावून पारावर जाऊ?"

दिलावर हसला नाही. म्हणाला, "मला डाव्या कानानं कायच ऐकू येत न्हाई."

"आं?"

"डाव्या कानानं. सव्वीस वरीस झाली."

नाथाजींनी त्याच्याकडं नीट पाहिलं. "आन तू साउंड बसवतोस?"

"व्हय."

"च्यायला," सुभेदार म्हणाले, "आंधळ्यानं रंग द्यायचं काम घेतल्यागत झालं की गड्या."

"तसंच. पण पोटाला लागतंय. आज पेटी परत गेली तर तेबी जाईल. म्हणून सांगतोय. नीट ऐका, माझ्या उजव्या बाजूला जवळ या, नाहीतर तुमचं मला ऐकू येणार न्हाई आन माझं तुमाला."

दोघं जागा बदलून उभे राहिले. दिलावरनं समजावलं. ब्लूटूथमधनं दोनच पदर जातात. तुमचा टीव्ही दोन्हीकडं आवाज द्यायचा म्हटला की तुमच्यासाठी पाच पदरांचे दोन करतो आणि तेच दोन बारलाही पाठवतो. पंगतीत एकाला पथ्य म्हणून सगळ्यांनाच बिनतिखटाचं वाढल्यागत. तुमी गोठ्याकडं आलात की जोड तुटतो, बारला पाची पदर मिळतात. खोलीत आलात की परत दोन. वायरीचा, बारचा, कुणाचाच दोष न्हाई.

"म्हंजे म्याच," नाथाजी म्हणाले.

"तुमी बातम्या आन कुस्त्या बघता. त्या येतात सेट टॉप बॉक्समधनं. सिनेमा पोरं बघतात, तो टीव्हीतच चालतो. बॉक्सच्या मागं लाल-पांढरी भोकं हायत, ती कायम चालू असतात. तिथं एक डबी लावतो काडेपेटीएवढी. तुमचं ब्लूटूथ तिला जोडू, टीव्हीला न्हाई. तुमाला तुमचं, पोरांना त्यांचं. ओठांच्या मागं शब्द जरासा रेंगाळंल, एवढंच. पण डबी दिसंल. साईराज इचारंल."

"मग काय सांगायचं?"

"ते तुमी ठरवा. मी तुमचं नाव घेनार न्हाई."

डबी कोरेगावच्या बाजारात मिळाली. दिलावर ती घेऊन आला तेव्हा साईराज बारची रिकामी पेटी माळ्यावरनं काढून धूळ झटकत होता. दिलावरनं त्याच्याकडं न बघता टीव्हीतली ती ओळ बंद केली, जोडलेलं नाव पुसलं, बॉक्सच्या मागं लाल-पांढऱ्या पिना घातल्या.

"हे काय?"

दिलावरनं पिन घट्ट दाबली. नाथाजी वेताच्या खुर्चीत ताठ बसले होते. त्यांनी मफलर सोडला, घडी घातली, मांडीवर ठेवला. गळ्यातलं काळं कडं सगळ्यांना दिसलं.

"माझं हाय," ते म्हणाले. "ऐकू कमी येतंय. टीव्हीला लावलंतं. त्यानं तुझं बिघडलं. आता बॉक्सला लावतोय."

साईराजनं पेटी बाजूला सारली. शालूबाई दारातनं म्हणाल्या, "बघा! आन मी चार वरसं समजतेय, मानूस मुद्दाम माझं आयकत न्हाई."

"ते मुद्दामच," सुभेदार म्हणाले.

संयोगिता हसू दाबत आत पळाली. साईराजनं चष्मा काढून पुसला, परत घातला, आणि रिमोट घेतलं. पेनड्राइव्हवरची बाई बोलू लागली. काचेवर पाच पॉइंट एक. नाथाजी खुर्चीतच होते आणि तरीही पाच पॉइंट एक. साईराजनं पाच मिनिटं नुसती काच पाहिली.

"आता तरी बसा मधोमध," तो दिलावरला म्हणाला. "मागचा डावा मला जरा मोठा वाटतोय. तुमी ऐकून सांगा."

नाथाजींनी दिलावरकडं बघितलं आणि लगेच नजर टीव्हीवर नेली.

दिलावर जाळीवर हात ठेवून उभा होता. हो म्हणता आलं असतं. बसता आलं असतं, मान डोलवता आली असती. सव्वीस वर्षं तेच केलं होतं. पण कोपऱ्यात म्हातारा मफलर मांडीवर घेऊन उघड्या मानेनं बसला होता.

"मला न्हाई सांगता येनार," तो म्हणाला. "डावा कान बंद हाय माझा. तुमी ऐका, तुमी सांगाल तेवढा मी कमी करतो."

साईराज बघतच राहिला. मग सोफ्याच्या मधोमध बसला आणि डोळे मिटले. "एक कमी," म्हणाला. दिलावरनं एक कमी केला. "अजून एक. बास. बरोबर झालं." दिलावरला वाटलं, आजवर बसवलेल्या एवढ्या यंत्रांत हेच एक खऱ्या कानानं लावलं गेलं.

जेवूनच जायचं ठरलं. आमटी-भाकरी झाली, आणि तो एस.टी.त बसला तेव्हा चार वाजले होते. कराडच्या अलीकडं पृथ्वीराजचा फोन आला.

"साईराजांचा फोन हुता. काम झालं म्हणाले, कसं झालं तेबी सांगितलं. खूश हायत."

"व्हय."

"आणखी एक सांगितलं त्यांनी."

दिलावरनं फोन उजव्या कानाशी घट्ट धरला.

"खरं हाय का ते?"

"खरं हाय."

"मला सांगायचं न्हाई व्हय, दिलावरभाई? एवढी वर्षं?"

"सांगितलं असतं तर काम दिलं असतंस?"

पलीकडं पृथ्वीराजच्या दुकानातले टीव्ही बडबडत होते.

"न्हाई," तो शेवटी म्हणाला. "आता देतोय ते बी आढेवेढे घेतच. एक करा. इथनं पुढं जोडणी झाली की गिऱ्हाइकाला मधोमध बसवायचं, त्यानं ऐकायचं, आणि कागदावर त्याची सही घ्यायची की पाची बाजूंनी आवाज आला. सही न्हाई तर काम झालं न्हाई. पटतंय?"

"पटतंय."

"आणि ते दोन्हीकडं आवाज देणारं पान बाकीच्या जोडणीवाल्या पोरांनाबी दावा. तिघं जण अशाच तक्रारीवर वायरी बदलत बसलेत."

आष्ट्यात उतरला तेव्हा दिवेलागण झाली होती. घरी मेहरुनबी दारातच उभी होती, पायाशी पत्र्याचा डबा.

"आलात? गिरणी आठाला बंद होते. ज्वारी दळून आणा, सकाळचं पीठ संपलंय."

दिलावरनं पिशवी कोनाड्यात ठेवली. तिला सांगावं वाटलं की आज कानाचं दोन माणसांना बोललो, तिसऱ्याला आपोआप कळलं. पण ती आत चूल बघायला गेली होती. त्यानं डब्याचं झाकण दाबून बसवलं, डबा खांद्यावर घेतला, आणि गिरणीच्या रस्त्याला लागला. गिरणीत चार डबे पुढं होते. त्यानं आपला डबा रांगेत ठेवला आणि बाकावर बसून राहिला.